मुरगावहून मिना सकर: होल्ड धुण्याआधीची तयारी

मुरगाव बंदरात कोळसा उतरवून पाच होल्डचं, म्हणजे माल भरायच्या पाच कप्प्यांचं, रिकामं जहाज पुढे रास अल खैमाजवळच्या मिना सकरला चुनखडी भरायला निघालं, की पहिल्या तीन दिवसांत चीफ ऑफिसरच्या डोक्यात एकच हिशोब फिरत असतो: धुणं कधी संपणार? मी वास्कोचाच. या वाटेने बऱ्याचदा गेलोय, आणि माझी यादी नेहमी मागून पुढे चालते. शेवटची मर्यादा कुठे येते ते आधी बघायचं, मग तिथून उलटं मोजत धक्क्यापर्यंत यायचं. किनाऱ्यापासून किती मैल हे सगळे विचारतात. या प्रवासात दुखतं ते दुसरंच.

ती शेवटची मर्यादा म्हणजे ओमानमधलं रास अल हद्द आणि इराणच्या किनाऱ्यावरचं रास अल फस्तेह यांना जोडणारी रेषा. तिच्या वायव्येचा सगळा समुद्र, जहाजांपासून होणारं प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल कराराच्या पाचव्या परिशिष्टात, म्हणजे कचऱ्याच्या परिशिष्टात, ‘विशेष क्षेत्र’ धरला जातो. जवळजवळ अख्खं ओमानचं आखात त्यात येतं. बरेच जण समजतात की आखाताचे नियम होर्मुझच्या सामुद्रधुनीपासून सुरू होतात. ही रेषा त्याच्या कितीतरी आधी लागते. रेषेच्या अलीकडे, जमिनीपासून 12 सागरी मैलांपलीकडे आणि जहाज मार्गावर असताना, होल्ड धुतलेलं पाणी त्यातल्या कोळशाच्या अवशेषांसकट समुद्रात सोडता येतं. अट एकच, तो माल सागरी पर्यावरणाला घातक ठरलेला नसावा. रेषेच्या पलीकडे सवलत फक्त त्या जहाजाला, ज्याचं निघण्याचं बंदरही विशेष क्षेत्रात आहे आणि पुढचंही, जे मधे बाहेर पडत नाही, आणि ज्याला त्या बंदरांत ते पाणी उतरवून घेण्याची पुरेशी सोय मिळत नाही. आपण मुरगावहून निघालोय. पहिल्याच अटीत बाद. तेव्हा रेषा ओलांडताना होल्डच्या तळाशी पाणी उरलं असेल तर ते पोटात घेऊनच मिना सकरला जायचं आणि पैसे मोजून किनाऱ्यावर द्यायचं, तेही तिथे घेणारा मिळाला तर. ओल्या होल्डमध्ये चुनखडी कोणी भरू देत नाही, आणि भरण्याआधी होल्ड तपासणारा सर्व्हेअर ‘नापास’ म्हणाला की तिथून भाडं बंद.

आता वेळ मोजू. मुरगावपासून त्या रेषेच्या मध्यापर्यंत साधारण 900 सागरी मैल. मंगळवारी दुपारी 4 वाजता पायलट उतरला आणि 12 नॉट्सचा वेग धरला, तर 75 तास, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी 7. धुणं उजेडातच करायचं, कारण ओल्या शिडीवरून रात्री माणसं उतरवणं मी कधीच मान्य केलं नाही. बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस हाताशी येतात. एका होल्डला सहा-सात तास. दोन टोळ्या केल्या तर बुधवारी दोन, गुरुवारी दोन आणि शुक्रवारी सकाळी उरलेला एक. दुपारी 2 पर्यंत पंप बंद झाला तर पाच तास हातात उरतात. आता यात एक गंमत बघा. चार्टररचा, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याचा, निरोप आला, ‘वेग वाढवून साडेतेरा करा’, आणि कॅप्टनने हो म्हटलं, की तीच रेषा शुक्रवारी सकाळी 10:40 ला समोर येते आणि शेवटचा होल्ड अर्धा धुतलेला राहतो. म्हणून निघण्याआधी कॅप्टनसमोर बसून वेग आणि धुण्याचं वेळापत्रक एकाच कागदावर लिहायचं, आणि वेग बदलला तर मला आधी कळवा हे शब्दांत सांगून ठेवायचं.

जून ते सप्टेंबर हा सगळा हिशोब मोडतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांत या मार्गावर लाट डाव्या कुशीवर येते, जहाज रिकामं असतं आणि हॅचची झाकणं उघडण्याचा प्रश्नच येत नाही. पावसाळ्यात निघायचं असेल तर होल्ड समुद्रात धुता येणार नाही असं धरूनच कंपनीशी बोलावं: झाडून, खरवडून जेवढं निघेल तेवढं धक्क्यावरच काढायचं, आणि चार्टररला तसं लेखी कळवायचं. खाली लिहिलेलं ऑक्टोबरनंतरच्या शांत समुद्राचं आहे.

धक्क्यावरची तयारी सुरू होते कागदापासून. कोळसा चढवला त्या बंदरात माल पाठवणाऱ्याने एक घोषणा दिलेली असते, की हा माल सागरी पर्यावरणाला घातक आहे किंवा नाही. त्या कागदाची प्रत हातात येईपर्यंत मी नळी जोडायला सांगत नाही. कोळसा सहसा घातक नसतो, पण ‘सहसा’ हे उत्तर तपासणी अधिकाऱ्याला चालत नाही. घोषणा सापडत नसेल तर चढवणीच्या बंदरातल्या एजंटला त्याच दिवशी मेल करायचा. माल घातक निघाला तर सगळं गणितच वेगळं: अवशेष आणि धुण्याचं पाणी दोन्ही किनाऱ्यावर, आणि समुद्रात कुठेही, कितीही दूर, काहीही नाही.

दुसरं काम फावडं आणि झाडूचं. ग्रॅबने उपसून आणि बुलडोझरने ढकलून झाल्यावर कोपऱ्यांत, फ्रेमच्या मागे, शिडीच्या पायऱ्यांवर जो कोळसा उरतो तो अजून मालच असतो. त्याचा मालक किनाऱ्यावर उभा आहे. उतरवून घेणं त्याचं काम आहे. माल उतरवणाऱ्या स्टिव्हडोरला घाई असते, शिफ्ट संपत आलेली असते, आणि ‘साब, थोडा ही तो है’ हे वाक्य तुम्हाला ऐकू येणारच. तो ‘थोडा’ पाच होल्डमधून एकत्र केला की ढीग होतो. ग्रॅब बाजूला होण्याआधी बोसनला घेऊन प्रत्येक होल्डमध्ये स्वतः उतरा. समुद्रात सोडायची परवानगी आहे ती झाडून-उतरवून झाल्यावर उरलेल्या अवशेषांना. तुम्ही उतरवायला विसरलात त्या मालाला नाही. डेकवरचंही तसंच. झाडल्यावर जी धूळ चिकटून राहते ती नियमाच्या व्याख्येत अवशेष धरली जात नाही, पण हॅचच्या कडेला पडलेले खडे अवशेषच. आणि बंदरात डेक धुवायला नळी काढू नका. वास्कोत कोळशाच्या धुळीवरून वर्षानुवर्षं आंदोलनं चालू आहेत, काळं पाणी जहाजाच्या कुशीवरून उतरताना बायण्याच्या किनाऱ्यावरूनही कोणीतरी फोटो काढेल.

तिसरं काम सगळ्यात कंटाळवाणं, आणि माझ्या मते धुण्याचं यश इथेच ठरतं: बिल्जच्या विहिरी. प्रत्येक होल्डच्या मागच्या टोकाला डावी-उजवीकडे एकेक विहीर असते, तिच्यावर जाळीचं झाकण आणि त्यावर गोणपाट. कोळसा उतरल्यावर गोणपाट काढायचं, विहीर हाताने उपसायची, जाळी ब्रशने घासायची, थोडं पाणी टाकून, विहिरीतलं पाणी बाहेर खेचणारा एडक्टर ते ओढतो का बघायचं. उलट दिशेने पाणी येऊ नये म्हणून असलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खरंच बंद होतो का, तेही त्याच वेळी बघायचं. तो अडकला असेल तर धुतलेल्या होल्डमध्ये शेजारच्या होल्डचं पाणी चढतं. हे सगळं मुरगावला, उभ्या जहाजावर. एकदा मी घाईत तीन नंबरच्या उजव्या विहिरीवर विश्वास टाकला. गुरुवारी दुपारी एडक्टरने ओढायचं थांबवलं, आत अंगठ्याएवढा कोळशाचा खडा पाइपच्या वळणावर बसला होता. फ्लँज उघडून काढेपर्यंत अंधार पडला, आणि शुक्रवारचं वेळापत्रक दोन होल्डचं झालं. रेषेच्या 20 मैल अलीकडे पंप बंद केला. त्या रात्री झोप लागली नाही.

रसायनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: चुनखडीसाठी मागवूच नका. धान्य भरायचं असतं तर भिंती पांढऱ्या हव्यात. इथे झाडणं, समुद्राच्या पाण्याचा जोराचा मारा आणि शेवटी मीठ जायला गोड्या पाण्याचा फवारा पुरतो. चार्टररने हट्टच धरला तर त्या रसायनावर निर्मात्याचं लेखी निवेदन हवं, की ते सागरी प्रदूषक नाही आणि त्यात कर्करोगकारक किंवा तत्सम घटक नाहीत. ते निवेदन नसेल तर धुतलेलं पाणी कुठेच सोडता येत नाही. शेवटच्या गोड्या पाण्यालाही समुद्रपाण्याचाच नियम, त्यातही कोळसा असतोच.

आता 12 मैल कुठून मोजायचे? पोरं आग्वादच्या दीपगृहापासून मोजतात, म्हणजे रडारवर दिसणाऱ्या जमिनीपासून. करारातली ‘सर्वात जवळची जमीन’ म्हणजे देशाने प्रादेशिक समुद्रासाठी ठरवलेली आधाररेषा. भारताने 2009 मध्ये सरळ आधाररेषा अधिसूचित केल्या. त्या खाड्या ओलांडतात, बेटांना जोडतात, म्हणजे रेषा काही ठिकाणी तुमच्या डोळ्यांना दिसणाऱ्या वाळूच्या बरीच बाहेर असते. सोपी युक्ती अशी: चार्टवर प्रादेशिक समुद्राची हद्द छापलेली असते, ती याच आधाररेषेपासून 12 मैलांवर काढलेली आहे. ती हद्द ओलांडून मैलभर पुढे गेलात की वाद संपला. ईसीडिसवर, म्हणजे ब्रिजवरच्या इलेक्ट्रॉनिक नकाशावर, तिथे एक रेघ मारून ठेवा, आणि रास अल हद्दच्या रेषेवर दुसरी. ब्रिजवरच्या प्रत्येकाला त्या दोन रेघा दिसल्या पाहिजेत. त्यांच्या मधलाच पट्टा आपला.

‘मार्गावर असताना’ या शब्दांवरही थांबायला हवं. जहाज वेगाने पुढे जात असावं आणि सोडलेलं शक्य तितक्या मोठ्या पाण्यात पसरावं, असा त्याचा अर्थ. धक्का मिळायची वाट बघत गोव्यापासून 20 मैलांवर इंजिन बंद करून वाहत राहिलेलं जहाज अंतराच्या कसोटीत पास होतं, मार्गाच्या कसोटीत नाही. तिथे उरलेली भाजी टाकायलाही परवानगी नाही.

भाजीचा विषय निघालाच आहे तर कूकशी बोलणं उरकून घ्या. खुल्या समुद्रात अन्नाचा उरलासुरला भाग दळून, 25 मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतका बारीक केला, तर 3 मैलांपलीकडे. न दळता 12 मैलांपलीकडे. आखाताच्या विशेष क्षेत्रात दळलेलाही 12 मैलांपलीकडेच, आणि न दळलेला अजिबात नाही. 12 मैल म्हणजे साधारण 22 किलोमीटर. माशाचे काटे ग्राइंडरमध्ये जातात. सोलकढीसाठी फोडलेल्या नारळाच्या करवंट्या नाही, त्या वेगळ्या ठेवायला सांगा. खरी अडचण प्लास्टिकची. अन्नाच्या ड्रममध्ये दुधाच्या पिशवीचा एक कोपरा सापडला तरी तो ड्रम प्लास्टिकच्या कठोर नियमात जातो, आणि प्लास्टिक कुठल्याही समुद्रात, कितीही लांब, टाकता येत नाही. तळणीचं तेल, कागद, चिंध्या, काच, डबे, इन्सिनरेटरची राख, सगळ्यांना तेच.

एक प्रश्न आपल्याकडच्या जहाजांवर हमखास येतो, चतुर्थीनंतरच्या निर्माल्याचा. फुलं अन्न नाहीत. ती घरगुती कचऱ्यात मोडतात आणि समुद्रात जात नाहीत, दोऱ्यासकट तर नाहीच. नारळी पौर्णिमेचा नारळ मात्र माझ्या वाचनाप्रमाणे अन्न आहे, तेव्हा 12 मैलांपलीकडे, जहाज चालत असताना. बोसन यावर हसला होता, पण नारळ त्याने रेघ ओलांडल्यावरच सोडला.

मैला-पाण्याचा नियम चौथ्या परिशिष्टात येतो आणि दोन्ही परिशिष्टांची सरमिसळ करू नका. आखाताचं विशेष क्षेत्र मैल्याच्या नियमात नाही. तिथे अंतरं सगळीकडे जशी आहेत तशीच राहतात. मान्यताप्राप्त प्रक्रिया संयंत्र नीट चालू असेल तर त्यातून निघालेलं पाणी अंतराच्या अटीशिवाय सोडता येतं, फक्त तरंगणारे कण आणि पाण्याचा रंग बदललेला दिसता कामा नये, आणि बंदराचा स्वतःचा नियम त्याहून कडक नसावा. दळून निर्जंतुक केलेला मैला 3 मैलांपलीकडे. यातलं काहीच न केलेला, नुसता टाकीत साठवलेला मैला 12 मैलांपलीकडे, जहाज किमान 4 नॉट्सने चालत असताना, आणि तोही एकदम नाही, बेताबेताने.

हा बेत किती, याला सूत्र आहे. ताशी घनमीटरमध्ये कमाल दर असा येतो:

```
DRmax = 0.00926 × V × D × B
```

यात V वेग नॉट्समध्ये, D सध्याचा ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती बुडालंय ते, मीटरमध्ये, B रुंदी मीटरमध्ये. आपलं जहाज 32 मीटर रुंद, रिकामं असताना ड्राफ्ट 6 मीटर. 12 नॉट्सला ताशी 21.3 घनमीटर येतात. आपला मैला-पंप ताशी 10 घनमीटरचा, तेव्हा चिंता नाही. पण तेच जहाज 4 नॉट्सवर आणा: 7.1 घनमीटर. तोच पंप आता मर्यादेबाहेर. ‘4 नॉट्स आहेत ना, मग सोडा’ म्हणणाऱ्याने निम्माच नियम वाचलेला असतो. ध्वज देशाने मंजूर केलेला दरांचा तक्ता जहाजावर असतो. तो इंजिन कंट्रोल रूममध्ये पंपाच्या स्विचशेजारी चिकटवून ठेवा, फाइलमध्ये नको.

मुरगावला हा प्रश्न नांगरावर येतो. नांगराची जागा 12 मैलांच्या बरीच आत, आणि नांगरलेलं जहाज मार्गावर नसतंच. 22 माणसं, आमच्या नोंदीनुसार रोज सुमारे दीड घनमीटर, टाकी 12 घनमीटरची: आठ दिवसांत भरते. धक्क्यासाठी त्याहून जास्त थांबायचं असेल तर संयंत्र चालू असणं हाच एक उपाय. म्हणून बंदरात यायच्या आठवडाभर आधी दुसऱ्या इंजिनिअरबरोबर संयंत्राजवळ उभे राहा. हवेचा ब्लोअर चालू हवा, काचेतून दिसणारं पाणी मातकट तपकिरी हवं, वास ओल्या मातीसारखा. काळं पाणी आणि सडक्या अंड्याचा वास म्हणजे आतले जिवाणू हवेअभावी मेले. बहुतेक वेळा गुन्हेगार असतो शौचालयात भसाभस ओतलेलं ब्लीच किंवा अॅसिड, कारण कोणीतरी तपासणीआधी भांडी चकाचक करायला घेतलेली असतात. जिवाणू परत वाढायला दिवस लागतात, तासांत होत नाही. संयंत्र साथ देत नाही असं दिसलं तर बंदरात शिरण्याआधीच, खुल्या समुद्रात वर सांगितलेल्या दराने टाकी रिकामी करून या, बाहेर सोडायच्या व्हॉल्व्हला कुलूप लावा आणि चावी चीफ इंजिनिअरकडे द्या. अंघोळीचं आणि मोरीचं पाणी या परिशिष्टात येत नाही, पण ते मैल्याच्या टाकीत मिसळलं की सगळं मैलाच ठरतं, आणि आठ दिवसांची टाकी दोन दिवसांत भरते.

किनाऱ्यावर कचरा द्यायचा असेल तर एजंटला किमान 24 तास आधी प्रकार आणि घनमीटरसकट कळवायचं. पावती आणि कचऱ्याच्या नोंदवहीतला आकडा जुळला पाहिजे.

आता नोंदवही. तपासणी अधिकारी होल्डमध्ये नंतर उतरतो, आधी वही उघडतो. होल्डच्या अवशेषांची नोंद दुसऱ्या भागात, गट J, सुरुवातीची आणि शेवटची जागा, दोन्हींची वेळ, अंदाजे घनमीटर. आकडा अवशेषांचा, पाण्याचा नाही. पंपाचे तास गुणून शेकडो घनमीटर कोळसा लिहिलेली वही मी पाहिली आहे. सगळ्यात जास्त गडबड होते ती वेळेची. ईसीडिस जागतिक वेळ दाखवतो, घड्याळ भारतीय, आणि वाटेत ते अमिरातीच्या वेळेसाठी दीड तास मागे घेतलं जातं. जागा ईसीडिसवरून आणि वेळ भिंतीवरच्या घड्याळावरून घेतलीत तर साडेपाच तासांचा फरक, 12 नॉट्सला 66 मैल. कागदावर तुम्ही रेषेच्या आत पंप चालवत होता असंही दिसू शकतं. मी प्रत्येक नोंदीत जागतिक वेळच लिहितो आणि पानाच्या डोक्यावर तसं नमूद करतो. बुधवारी पहिला पंप सुरू करताना नोंद अशी दिसेल: 01:30, 17 अंश 05 मिनिटं उत्तर, 71 अंश 10 मिनिटं पूर्व. भारतात तेव्हा सकाळचे 7 वाजलेले असतात. हीच वेळ डेक लॉगमध्ये, बिल्जमधल्या पाण्याची खोली मोजल्याच्या, म्हणजे साउंडिंगच्या, वहीत आणि होल्ड धुण्याच्या नोंदीत असली पाहिजे, कारण अधिकारी चारही शेजारी ठेवतो. कामाच्या अधिकाऱ्याची सही प्रत्येक नोंदीखाली, पान भरलं की कॅप्टनची. संपलेली वही जहाजावर दोन वर्षं ठेवायची.

शुक्रवारी दुपारी शेवटचा पंप बंद झाला की एडक्टरचा व्हॉल्व्ह बांधून ठेवा, पाचही होल्डच्या विहिरींचं साउंडिंग घ्या आणि शेवटची जागा लिहा. मग गॅलीत जाऊन कूकला सांगा की आज संध्याकाळी 7 नंतर बादली समुद्रात जाणार नाही. दळलेलं जाईल, तेही ब्रिजवर फोन करून 12 मैल आहेत का विचारल्यावर. होर्मुझजवळ आणि मिना सकरच्या वाटेवर जमिनीपासून 12 मैल बाहेर राहणं बहुतेक जमतच नाही, तेव्हा दोन जास्तीचे झाकणवाले ड्रम आधीच काढून ठेवा. तिथल्या उन्हात झाकण नसलेला ड्रम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणाला जवळ येऊ देत नाही.